ब्रश धडधाकट, सेल मेला

पुन्हा तेच! वर्ष सरतंय न सरतंय तोच इलेक्ट्रिक टूथब्रश वरचे दात घासून व्हायच्या आत मान टाकतो. मोटर ठणठणीत, बटण ठणठणीत, चार्ज तेवढा टिकत नाही.

संशय आधी बेसवर. पण बऱ्याच ब्रशांत बेसला धातूचे संपर्क नसतातच; एका कॉइलमधून दुसऱ्या कॉइलमध्ये वीज जाते. खाली पेस्टचा थर साचला की ब्रश नीट बसत नाही, दिवा लागत-विझत राहतो. पुसलं की झालं. माझा दिवा मात्र इमानेइतबारे लागतो, पूर्वीपेक्षा लवकर 'फुल' दाखवतो आणि मिनिटभरात ब्रश गार! म्हणजे बेस निर्दोष, सेलची क्षमताच संपली.

आता सेल बदलावा, तर तो आत सोल्डर केलेला आणि हँडल सीलबंद. का? पाणी शिरू नये म्हणे! अहो, पाण्यात चालणाऱ्या घड्याळांना रबरी रिंग लावून उघडणारं झाकण देता येतं ना? इथे जिवावर उदार होऊन हँडल फोडलं तरी सील जातं आणि नवा सेल पाण्यात भिजतो. एवढ्याशा सेलपायी अख्खा ब्रश कचऱ्यात! तोही साध्या कचऱ्यात टाकायची सोय नाही, आत बॅटरी आहे ना.