यादी साफ करून पाठवणाऱ्यांसाठी थोडं मार्गदर्शन

दिवाळी पहाटेच्या मोफत पासांची नोंदणी तुमच्याकडे आली आहे? अभिनंदन. आता काय करायचं ते मी सांगतो, कारण आमच्या सोसायटीच्या समितीतल्या एका काकांनी ते नुकतंच करून दाखवलं आणि मला रात्री अकरा वाजता फाइल धाडली: "साफ करून दिलीय, फक्त पास छापायचे."

सर्वप्रथम, फॉर्ममधून उतरवलेली सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करूनच उघडा. मराठी नावांच्या जागी à¤ असलं काहीतरी दिसेल. घाबरू नका, ज्यांना वाचता येत नाही त्यांना पास तरी कशाला?

नाव लिहिताना आडनाव आधी की नाव आधी, हे त्या दिवशीच्या लहरीवर सोडावं. Dixit, Dikshit, दीक्षित आणि "दिक्षित काकू (बी विंग)" या चौघी एकच बाई आहेत हे एक्सेलला आपोआप कळतं. नाही कळलं तर एक्सेलचं दुर्दैव.

आता फोनचा कॉलम. इथे काकांची खरी प्रतिभा दिसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फॉर्मवर आम्हीच "91 सह नंबर लिहा" असं लिहून ठेवलं होतं. बऱ्याच लोकांनी आज्ञाधारकपणे बारा आकडे लिहिले. डबल-क्लिक केल्यावर एक्सेलला ती रक्कम वाटली. बारा आकडी रक्कम साध्या सेलमध्ये पूर्ण दाखवायची त्याची पद्धत नाही, म्हणून तो 9.19822E+11 असं दाखवतो. इथवर काही बिघडलेलं नसतं, कारण सेलवर क्लिक केलं की वरच्या पट्टीत पूर्ण नंबर दिसतो. पण काकांनी ते पाहिलं आणि कंट्रोल-एस दाबलं. सीएसव्हीत एक्सेल जे दिसतं तेच लिहितं. फाइल पुन्हा उघडली तेव्हा तो नंबर 919822000000 झालेला होता. शेवटची सहा शून्यं बघितलीत? तिथे माणसाचा नंबर होता. तो आता कुठल्याही फॉर्म्युल्याने परत येत नाही.

आणि पुण्यात 9822 ने सुरू होणारे नंबर कोणाकडे असतात? मोबाइल नवे होते तेव्हा घेतलेल्या, वीस-वीस वर्षं तोच नंबर जपणाऱ्या ज्येष्ठांकडे. म्हणजे दिवाळी पहाटेला पहाटे पाचला स्वेटर घालून येणारी नेमकी माणसं! आमच्या यादीत 9822 च्या पुढचा आकडा पाचपेक्षा लहान असलेली अशी तेवीस माणसं होती आणि सगळ्यांचा नंबर आता एकच झाला होता. काकांनी मग फक्त फोनच्या कॉलमवर टिक करून Remove Duplicates दाबलं. तेवीस ज्येष्ठ नागरिकांचे एक ज्येष्ठ नागरिक झाले.

पास वाटायच्या दिवशी सदाशिव पेठेतल्या एक आजी टेबलासमोर उभ्या राहिल्या. "नाव नाही म्हणजे? मी स्वतः भरलाय फॉर्म." मी यादीत शोधलं, नाही सापडलं. "नंबर सांगू का?" म्हणाल्या आणि सांगायला लागल्या, "अठ्ठ्याण्णव बावीस..." तिथेच माझ्या पोटात गोळा आला.

६१२ ओळींच्या ३४१ झाल्या होत्या. "बघ, किती डुप्लिकेट होते," असं काका अभिमानाने म्हणाले होते.

घरच्या सगळ्यांसाठी एकच नंबर देणाऱ्या कुटुंबांची गत निराळी नव्हती. आजोबा, आजी, मुलगी, जावई अशा चार ओळी, नंबर जावयाचा. Remove Duplicates सगळ्यात वरची ओळ ठेवतं आणि खालच्या उडवतं. आजोबांना पास मिळाला, बाकीच्यांनी रेडिओ ऐकावा. उलट सगळे कॉलम टिक केले तर फॉर्म भरल्याची वेळ प्रत्येक ओळीत वेगळी असते, म्हणून एकही ओळ जात नाही आणि लोक म्हणतात यादी स्वच्छ आहे.

मग मी काय केलं? फॉर्ममधून फाइल पुन्हा उतरवली आणि तिला हात लावला नाही. रिकामं एक्सेल उघडलं, Data टॅबमधून From Text/CSV घेतलं, File Origin मध्ये 65001: Unicode (UTF-8) निवडलं, म्हणजे मराठी मराठीसारखं दिसलं. मग Transform Data, आणि फोनचा कॉलम Text केला. तिथे तो विचारतो, Replace current की Add new step? Replace current. दुसरं दाबलं तर आधी नंबराची रक्कम होते, मग रकमेचा मजकूर, आणि पुढची शून्यं मधल्या मधे जातात. मग Close & Load दाबून यादी शीटवर आणली. फोन C कॉलममध्ये होता, त्याच्या शेजारी D ते G अशी चार सूत्रं टाकली:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(C2," ",""),"-",""),"+","")
=LEN(D2)
=RIGHT(D2,10)
=COUNTIF(F:F,F2)
```

पहिलं जागा, डॅश आणि अधिकचं चिन्ह काढतं. दुसरं लांबी मोजतं, आणि ही पायरी गाळू नका. लांबी १० हवी, पुढे शून्य असेल तर ११, 91 असेल तर १२. एका भल्या गृहस्थांनी दोन नंबर तिरकी रेघ मारून एकाच सेलमध्ये लिहिले होते. थेट RIGHT लावलं असतं तर दुसरा नंबर गपचूप आला असता आणि पहिला कोणाला कळलाही नसता. लांबी चुकीची असेल ती ओळ हाताने बघायची. देवनागरी आकड्यांत लिहिलेला नंबर मात्र लांबीत दहाच भरतो, त्याचे आकडे वेगळे बदलून घ्यायचे.

शेवटचं सूत्र एकाच नंबराच्या किती ओळी आहेत ते सांगतं. एकापेक्षा जास्त असतील त्या फिल्टरने वेगळ्या काढून, नंबरानुसार लावून, नावं डोळ्यांनी वाचली. Dixit आणि दीक्षित एकच की सासू-सून, हे सूत्राला कळत नाही, फोन करूनच कळतं. एकाच माणसाच्या दोन ओळी असतील तर नंतरची ठेवली, कारण लोक चूक सुधारायलाच दुसऱ्यांदा फॉर्म भरतात. शेवटी ४८७ माणसं निघाली. दीड दिवस गेला.

आता सरळ बोलतो. काका, तुम्हाला एक्सेल येत नाही यात काही लाज नाही, मलाही कोणीतरी शिकवलंच. पण १४६ माणसं यादीतून उडवताना एकदाही वाटलं नाही की बघावं कोण गेलं? एकच नंबर खाली-खाली दिसतोय, शेवटी सहा शून्यं, आणि तुम्ही त्यावर "साफ" लिहून पाठवता? असा नंबर तुम्ही स्वतः कधी कोणाला लावला आहे का? मूळ फाइल मागितली तर म्हणे "तीच आहे, वरच सेव्ह केली." वरच! त्या आजींना पास घरी नेऊन दिला मी, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. पुढच्या वर्षी यादी साफ करू नका. जशी आली तशी पाठवा, न उघडता. आणि रात्री अकराला तर नकोच.