शेवटचा परिच्छेद कापू नका

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळाची स्मरणिका छपाईला जाण्याआधी मी तपासतो. पानावर 400 शब्द मावतात आणि गणेशोत्सवाचा अहवाल हमखास 500 चा येतो. मग कात्री चालते ती शेवटच्या परिच्छेदावर. नेमकी तिथेच प्रसादाचा स्वयंपाक करणाऱ्या काकूंची आणि मांडव घालणाऱ्या मुलांची नावं असतात. मला हे पटत नाही, कारण ते शंभर शब्द वरच्या वाक्यांमध्येच दडलेले असतात.

यंदाच्या अहवालातलं पहिलं वाक्य बघा:

«दरवर्षीप्रमाणे याही वर्षी आपल्या मंडळाच्या वतीने गणेशोत्सवाच्या निमित्ताने विविध प्रकारच्या स्पर्धांचे आयोजन करण्यात आले होते.»

हे 15 शब्द. मी केलं: «दरवर्षीप्रमाणे यंदाही मंडळाने गणेशोत्सवानिमित्त विविध स्पर्धा घेतल्या.» सात शब्द, आणि माहिती तेवढीच. सगळ्यात जास्त जागा खातं ते ‘चे आयोजन करण्यात आले’. एक साधं क्रियापद मोडून त्याचं नाम करायचं आणि मग त्याला उभं करायला आणखी दोन शब्द लावायचे. ‘वितरण करण्यात आले’ म्हणजे वाटले, ‘मार्गदर्शन करण्यात आले’ म्हणजे सांगितले. आपल्याकडे चोवीस तास कानावर हिंदी असते, ‘आयोजन किया गया’ ऐकून ऐकून ही सवय आणखी पक्की होते. जोडशब्दही तिथूनच येतात: ‘निःशुल्क मोफत’, ‘परत वापस’. ‘सुमारे शंभरच्या आसपास’ मात्र आपलं आपणच करतो.

क्रियापद सरळ करताना कर्ता लागतो. ‘वर्गणी गोळा करण्यात आली’ असं असेल आणि कुणी केली हे ठाऊक नसेल, तर मी लिहिणाऱ्याला फोन करतो. अंदाजाने ‘मंडळाने’ घालत नाही.

दोनदा आलेला प्रत्येक शब्द फालतू नसतो, हे मी चुकून शिकलो. ‘मुलांना पाच पाच वह्या दिल्या’ यातला एक ‘पाच’ मी उडवला होता. प्रत्येकाला पाच वह्या मिळाल्या होत्या, माझ्या वाक्यात सगळ्यांना मिळून पाच झाल्या. दुसऱ्या वर्षी ‘बहुतेक सर्व सभासदांनी वर्गणी भरली’ यातला ‘बहुतेक’ मला ‘सर्व’च्या शेजारी उगाच वाटला. छापून आल्यावर खजिनदारांनी हिशेबाची वही समोर ठेवली, तीन नावं बाकी होती. तेव्हापासून शब्द काढला की मी दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचतो आणि विचारतो: कोणी, किती, कुणाला? एकाचंही उत्तर बदललं तर शब्द परत जागेवर.

यंदाचा अहवाल 512 शब्दांचा होता, 406 वर आला. सहा शब्द जास्त होते, ते छापखान्यातल्या दादांनी ओळी जरा जवळ घेऊन बसवले. काकूंची नऊही नावं पानावर आहेत.