आभार मानावेत, पण कुणाचे ते कळू नये

दिवाळी पहाट पार पडली, फराळाची ताटं उचलली गेली आणि आता मंडळाच्या पेजवर वृत्तांत टाकायचं काम तुमच्या गळ्यात पडलं आहे. घाबरू नका. सुरुवात पाहुण्यांच्या परिचयाने करा आणि शेवटी त्रेचाळीस नावांची यादी लावा, प्रत्येकामागे ‘मा. श्री.’ किंवा ‘सौ.’ हवंच. फेसबुक पहिल्या काही ओळींनंतर पोस्ट दुमडून टाकतं, त्यामुळे यादीपर्यंत फक्त यादीतलेच लोक पोचतात, तेही स्वतःचं नाव शोधायला. सापडलं नाही तर? त्यासाठी ‘अनवधानाने कुणाचे नाव राहिल्यास क्षमस्व’ ही ओळ आधीच लिहून ठेवलेली असते.

नाव कामाला जोडण्याचा मोह मात्र टाळा. पहाटे साडेपाचला स्टेजची वीज गेली, अमुकने शेजारच्या इमारतीतून वायर ओढून आणली, म्हणून ललत सूर्योदयाआधी सुरू झाला. असं एक वाक्य लिहिलं की वाचणाऱ्याला अमुक लक्षात राहतो आणि आभार मानलेत हे जाणवतही नाही. मग आभारप्रदर्शनाचा उपयोग काय? शिवाय असे चार प्रसंग गोष्टीच्या ओघात सांगितले आणि बाकीच्यांना एका ग्रुप फोटोत टॅग केलं, तर यादीच उरणार नाही. सतरंज्या कुणी घातल्या, हे मुळात तुम्हाला ठाऊक असायला हवं ही आणखी एक कटकट. तुम्ही तर पहिल्या रांगेत होता.

फोटोंचं सोपं आहे. ते व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे मागवा, डॉक्युमेंट म्हणून नकोत. आकार घटतो आणि फाइलमध्ये काढणाऱ्याने भरलेलं नावही गळून पडतं. कोपऱ्यातला वॉटरमार्क राहिला तर चौकोनी कापा, तबलजीचा डावा हात गेला तरी चालेल. श्रेय ‘छायाचित्र सौजन्य : मंडळ परिवार’. फोटोच्या खालीच ‘फोटो : अमुक’ लिहू नका, नाहीतर फोटो पुढे फिरला तरी त्याच्यासोबत नावही फिरेल.

कुणी १९५७चा कॉपीराइट कायदा काढलाच, तर हसून सोडून द्या. फुकट काढलेल्या फोटोचा पहिला मालक काढणारा असतो म्हणे. पैसे देऊन काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास मालकी तुमची, पण कलम ५७ म्हणतं की ‘हे काम माझं’ हे सांगण्याचा हक्क तरीही त्याचाच. त्याला काय कमी आहे? चहा दिला होता, चकलीही दिली होती.

पुढच्या वर्षी त्याला पुन्हा फोन करा. त्याच्या मावसभावाचं लग्न नेमकं त्याच पहाटे निघेल. तुळशीचं लागायच्या आधीच.