परदेशातून : अर्जपत्रातले उद्दिष्ट आणि नोकरी सोडण्याचा वास

“काका, पत्रात ध्येय लिहिलं तर म्हणतात हा टिकणार नाही, आणि नाही लिहिलं तर म्हणतात याला काही करायचंच नाही. मग लिहायचं तरी काय?” पुण्याहून पुतण्याने विचारलेला हा प्रश्न. स्टुटगार्टजवळच्या यंत्रभाग बनवणाऱ्या एका लहान कंपनीत गुणवत्ता विभागातल्या जागेसाठी तो अर्ज करतो आहे.

त्याच्या मसुद्यातले वाक्य असे होते : “पाच वर्षांत व्यवस्थापनाची जबाबदारी सांभाळून जागतिक स्तरावर कारकीर्द घडवणे हे माझे ध्येय असून आपली कंपनी ही त्याची उत्तम सुरुवात ठरेल.” या वाक्यात खोटे काहीच नाही, पण कंपनी जेमतेम ऐंशी माणसांची आहे आणि तिथे गुणवत्ता विभागप्रमुखाची जागा एकच आहे. अशा कंपन्यांत अर्ज बहुधा तो विभागप्रमुख स्वतः वाचतो. त्याला या वाक्यातून दोनच अर्थ निघतात : हा मुलगा माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून येतो आहे, किंवा ती मिळणार नाही हे कळताच दुसरीकडे जाणार आहे.

पुण्यातल्या त्याच्या प्रशिक्षण वर्गाच्या सरांनी ते वाक्य सरळ काढून टाकायला सांगितले. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. आपल्याकडे माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात सर्रास नव्वद दिवसांची नोटीस असते, प्रशिक्षणाचे बाँड असतात, आणि त्यामुळे उमेदवार सोडून जाण्याचा विषय तोंडावरही आणत नाही. जर्मनीत परिवीक्षा सहसा सहा महिन्यांची असते. त्या काळात कायद्यानुसार दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कोणताही पक्ष करार संपवू शकतो आणि त्यानंतरही कर्मचाऱ्यासाठी मूळ मुदत चार आठवड्यांचीच आहे, करारात जास्त लिहिलेली नसेल तर. माणूस जाऊ शकतो हे इथल्या मालकाने गृहीतच धरलेले असते. त्यामुळे उद्दिष्टाबद्दल मौन पाळून त्याची शंका फिटत नाही. या जागेवरच्या कामातून उमेदवाराला काय साधायचे आहे, हे त्याला वाचायचे असते.

म्हणून मी पुतण्याला जाहिरात पुन्हा वाचायला लावली. त्यात पुरवठादारांच्या मालाबद्दलच्या तक्रारी ‘एट-डी’ अहवालांद्वारे, म्हणजे दोषाचे मूळ शोधून तो पुन्हा होऊ नये यासाठीच्या आठ टप्प्यांच्या पद्धतीने, मिटवणे हे मुख्य काम होते आणि पुढे पुरवठादारांच्या लेखापरीक्षणात सहभाग अपेक्षित होता. त्यावरून वाक्य असे झाले : “पहिल्या दोन वर्षांत ओतीव भागांच्या तक्रारी स्वतंत्रपणे हाताळून त्यांची पुनरावृत्ती कमी करणे, आणि त्या अनुभवावर व्हीडीए ६.३ नुसार प्रक्रिया-लेखापरीक्षक होऊन आपल्या पुरवठादारांची जबाबदारी घेणे, हे माझे उद्दिष्ट आहे.” व्हीडीए ६.३ हे जर्मन वाहनउद्योगाचे उत्पादनप्रक्रिया तपासण्याचे मानक आहे. त्याच्या लेखापरीक्षकाच्या पात्रतेसाठी उद्योगातला आणि गुणवत्ता-कामातला काही वर्षांचा अनुभव लागतोच, त्यामुळे ही मुदत वाचणाऱ्याला अवाजवी वाटत नाही. उद्दिष्ट पुरे व्हायला कंपनी सोडावी लागत नाही, उलट ते तिथे राहूनच पुरे होते. हे वाक्य अनुभवाच्या परिच्छेदानंतर एकदाच यावे. सुरुवातीलाच आले तर उमेदवार मागायला आल्यासारखा दिसतो.

आमच्या कार्यालयातल्या मनुष्यबळ विभागाच्या बाई, ज्यांच्या हातून असे अर्ज वर्षानुवर्षे गेले आहेत, एक सोपी कसोटी लावतात. कंपनीचे नाव बदलून तेच वाक्य दुसऱ्या अर्जात चालत असेल, तर त्या ते वाचून न वाचल्यासारखे करतात. पहिला मसुदा कुठेही चालला असता. दुसरा मसुदा मात्र ओतीव भाग विकत न घेणाऱ्या कंपनीला पाठवताच उघडा पडेल.

फ्रँकफर्टचे एक स्नेही मध्येच स्वतःची गोष्ट घेऊन आले. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या वास्तव्य परवान्यावर, जर्मन भाषेची बी-१ पातळी असेल तर, एकवीस महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो, आणि “इथेच स्थायिक व्हायचे आहे” हे आपण पत्रात लिहिल्यामुळेच नोकरी मिळाली, असे ते सांगतात. मला ते पटत नाही. परवाना माणसाला देशात ठेवतो, कंपनीत नाही. कायम परवाना हाती आल्यावर तर नोकरी बदलणे सोपेच होते. त्यांच्या अर्जाला यश कशामुळे आले, हे त्यांनाही नक्की सांगता येईल असे वाटत नाही.

राहता राहिली खरी अडचण. भोसरीत वडिलांचा लेथचा कारखाना आहे आणि सहा-सात वर्षांनी तो सांभाळायला परत यावे, असे पुतण्याच्या मनात आहे. बाईंच्या मते पत्रात ते सांगायचे कारण नाही, कारण इतक्या लांबची योजना कुणीच विचारत नाही. मला वाटते, पत्रातले उद्दिष्ट चार वर्षांच्या आतले आणि खरे असेल तर त्यापुढचे न लिहिणे म्हणजे लपवणे नव्हे. मात्र मुलाखतीत “परत जाणार का?” असे कुणी थेट विचारलेच, तर त्याने नाही म्हणू नये. यावर बाई आणि मी अजून सहमत झालेलो नाही.