महालक्ष्म्या आता पाळीने बसतात

मराठवाड्यात, विदर्भात ज्यांच्याकडे उभ्या महालक्ष्म्या बसतात, त्यांच्यासाठी लिहितोय. घरं वेगळी झाली, भाऊ लातूरहून पुणे, नागपूर, हैदराबादला गेले, की या सणात आधी काय तुटतं? बहुतेक जण म्हणतात गर्दी कमी होते. मला वाटतं, आधी तुटतात ते पहिला आणि तिसरा दिवस.

हा सण सोयीच्या वारावर ढकलता येत नाही. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. 2024 मध्ये ते मंगळवार-बुधवार-गुरुवार आले, 2025 मध्ये रविवार-सोमवार-मंगळवार. गणेश चतुर्थीची सुट्टी मिळते, पण महालक्ष्म्यांची सुट्टी खासगी ऑफिसात सहसा नसते. मग एकच रजा काढता येत असली की सगळे ती पूजनाला काढतात. दुपारी पोचायचं, आरती, पुरणपोळी, फोटो, रात्रीची ट्रॅव्हल्स. म्हणजे जेवणाच्या पंगतीला घर भरलेलं आणि उभारायला नि आवरायला कोणीच नाही.

उभारणीला किती हात लागतात, हे महालक्ष्म्या आपल्या घरी बसवायची पाळी आल्याशिवाय कळत नाही. जुन्या वाड्यात पत्र्याच्या कोठ्या होत्या, त्यांच्या पोटात गहू-तांदूळ भरायचे. तो विधीचा भाग होताच, पण त्या वजनानेच महालक्ष्मी स्थिर उभी राहायची. फ्लॅटमध्ये आता घडीचे लोखंडी स्टँड आले. ते हलके असतात. वर मुखवटा, गळ्यात ठुशी, लक्ष्मीहार, मोहनमाळ असं सगळं वजन पुढच्या बाजूला येतं आणि संध्याकाळपर्यंत ज्येष्ठा पुढे झुकलेली दिसते. अशा वेळी मान मागे ओढून बांधण्यात अर्थ नाही, तळ जड करायला हवा. खालच्या कड्यात तीन-चार किलो गव्हाची पिशवी ठेवा, पुढे झुकत असेल तर थोडी मागच्या बाजूला सरकवून. लोखंडाच्या खांद्यावरून पदर घसरतो, म्हणून आधी जुनं सुती कापड गुंडाळून शिवून घ्यायचं. पिना त्या कापडात लावायच्या, नुसत्या साडीत नाही. निऱ्या एकीने धरायच्या आणि दुसरीने बांधायच्या. एकट्या बाईला दोघींना साड्या नेसवायला अख्खी दुपार जाते, आणि पिलवंडं अजून बाजूलाच असतात.

मग तुळशीपासून मुखवटे आत आणायचे. हळदीकुंकवाची पावलं उमटलेली, पुढे ताम्हण वाजतंय, आणि "महालक्ष्मी आली, कशाच्या पावली?" असं कोणीतरी विचारायचं, दुसऱ्याने "सोन्याच्या पावली" म्हणायचं. विचारणारी आणि उत्तर देणारी अशी किमान दोन माणसं त्याला लागतातच. आवाहनाला घरात एकटीच सून असेल, तर हे दोन्ही तिलाच म्हणावं लागतं. मला या सणातलं सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं.

स्वयंपाक त्या मानाने सावरता येतो. सोळा भाज्यांची एकत्र भाजी केली तरी चालते, बऱ्याच घरांत ती होतेच. आंबिलीचं ज्वारीचं पीठ आदल्या रात्री ताकात भिजवलं की सकाळचं काम हलकं होतं. पुरणाचं मात्र नीट लिहून ठेवा, कारण "मापटंभर डाळ" हे माप नव्या घरात कोणालाच कळत नाही. एक किलो हरभरा डाळीला एक किलो गूळ, साधारण तीसेक पोळ्या. डाळीचं पाणी कटासाठी पूर्ण निथळायचं, नाहीतर पुरण सैल राहतं आणि पोळी लाटताना फुटते. गूळ घालून उलथनं उभं राहीपर्यंत आटवायचं आणि गरम असतानाच यंत्रातून काढायचं. गार झालं की दाटून बसतं आणि हात भरून येतो.

प्रत्येक भावाने आपापल्या घरी वेगळ्या महालक्ष्म्या बसवाव्यात, हे मला पटत नाही. आधीच कमी पडणारे हात त्याने तीन ठिकाणी वाटले जातात. पाळी बरी. पण पाळी म्हणजे नुसती मुखवट्यांची पेटी पोचवणं नव्हे. ज्यांची पाळी नाही त्यांनी रजा पूजनाची न काढता आवाहनाची किंवा विसर्जनाची काढावी. एका घराने आदल्या रात्री येऊन उभारणी करावी, दुसऱ्याने मूळावर थांबून दागिने मोजून, साड्यांच्या घड्या करून, स्टँड उतरवून द्यावेत. पूजनाला एखादा भाऊ नसला तरी निभतं.

पेटी पुढच्या घरी जाताना रंगवलेले मुखवटे आधी मऊ सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिक थेट रंगाला लावू नका, उन्हात तापलेल्या डिकीत ते चिकटतं आणि गालाचा रंग घेऊन निघतं. नाकाला दाब येऊ नये म्हणून चेहरा वर ठेवा. आणि पेटीत वहीही ठेवा: कोणत्या साड्या नेसवल्या, कोणता दागिना कोणत्या भावाकडून आला, यंदा गहू किती किलो घातले तेव्हा ज्येष्ठा सरळ उभी राहिली.