दाताच्या उपचाराचे ॲडव्हान्स पैसे ‘गेले’ असं कोण म्हणतं?

“फॉर्मवर ‘नॉन-रिफंडेबल’ लिहिलेलं असतं. सही केली की पैसे गेले. उपचार अर्धवट सोडला तरी परत मिळत नाहीत. दवाखान्याविरुद्ध ग्राहक तक्रार चालत नाही, आणि वकिलाचाच खर्च जास्त.”

तक्रार चालते. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच सांगितलं आहे. 2019 च्या नव्या कायद्यातही ते कायम आहे.

छापील ओळीचं म्हणाल, तर केलेल्या कामाचे पैसे दवाखाना ठेवू शकतो. न केलेल्या कामाचे ठेवणं ही सेवेतली त्रुटी आहे, सही असली तरी. म्हणून सगळा वाद येतो एकाच प्रश्नावर: काम नक्की किती झालं?

माझ्या मावशीने नाशिकला गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात 84,000 रुपये आधी भरले. चार रूट कॅनॉल प्रत्येकी 5,000, चार कॅप प्रत्येकी 6,000, एक इम्प्लांट 40,000. तीन महिन्यांनी डॉक्टर बदलले, मग अपॉइंटमेंटच मिळेना. दवाखाना म्हणाला, चारही रूट कॅनॉल झालेत. मावशीला मात्र चौथ्या दातात अजून कच्चं सिमेंट जाणवत होतं. पंचवटीतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. तीन दातांत मुळाच्या टोकापर्यंत भरलेली पांढरी रेघ स्पष्ट दिसली, चौथ्यात नव्हती. त्यांनी ते तारखेसह लेटरहेडवर लिहून दिलं. त्या एका कागदाने वाद मिटला: तीन रूट कॅनॉल आणि एक कॅप मिळून 21,000 चं काम झालेलं, 63,000 परत यायला हवेत. चौथ्या दाताच्या अर्ध्या कामाचे थोडे पैसे ते मागू शकले असते, तेवढं मान्य.

आम्ही उपचाराचा प्लॅन, पावत्या आणि हा कागद जोडून रजिस्टर पोस्टाने 30 दिवसांची मुदत दिली. चोविसाव्या दिवशी 63,000 खात्यात आले.

नसते आले तरी वकिलाची सक्ती नव्हती. 5 लाखांपर्यंत भरलेल्या रकमेच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, तक्रार स्वतः मांडता येते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे.

हप्त्यांवर पैसे भरले असतील तर हप्ते परस्पर थांबवू नका, सिबिल बिघडेल. फायनान्स कंपनीला लगेच लेखी कळवा, तक्रारीत तिलाही पक्षकार करा.

आणि निकालाची वाट बघत दात उघडा ठेवू नका. आधी एक्स-रे आणि फोटो काढून घ्या, मग दुसऱ्या डॉक्टरांकडून तो पूर्ण करून घ्या. काम झाल्यावर आधीची स्थिती दाखवायला हाच पुरावा उरतो.