चष्म्याच्या घरातली दुर्री

मेंढीकोट हा चौघांचा खेळ. पण काका-काकू सिंहगड रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते आणि लाइट गेलेले. मेणबत्तीपाशी आम्ही तिघंच, बाबा, आत्या आणि मी. जोड्या मोडून ज्याने त्याने आपापलं खेळायचं ठरलं. 52 पानं तिघांत वाटली की 17-17 जाऊन एक उरतं. बाबांनी ते न बघताच शेंगदाण्यांच्या वाटीखाली सरकवलं. "कुणीच बघितलं नाही, म्हणजे कुणावर अन्याय नाही."

बदामाची दहिली पकडायला आत्या एक्का दाबून बसली होती. सतरा हात संपले, मेंढ्या निघाल्या तीनच. वाटी उचलली, तर खाली दहिली! आत्या बाबांची धाकटी बहीण आहे, पण त्या क्षणी वाटली नाही.

मग तिने कायदा केला. पान काढायचं ते पिसण्याआधी, सगळ्यांना दाखवून. आणि तेही जे सहसा हात जिंकत नाही असं, म्हणजे चौकटची दुर्री. चौकटची बाराच पानं आहेत हे तिघांनाही ठाऊक, त्यामुळे मोजणी कुणाचीच चुकत नाही. दुर्री तिने चष्म्याच्या घरात ठेवली.

नवाच्या सुमारास काका-काकू आले. आता पाच जण, म्हणजे दोन पानं काढायची. बाबा म्हणाले, "चौकटचीच तिर्री काढा, एकच रंग बिघडेल." (सोसायटीची पार्किंगही त्यांनीच आखली आहे.) आत्याने बोटांवर हिशेब मांडला. चौकटची 11 पानं राहिली, तर पाच जणांच्या दोन फेऱ्यांत 10 उडतात. तिसऱ्यांदा चौकट उतरली की कुणी ना कुणी हुकूम मारणारच, मग हातातली राणी चाटायची का? त्यापेक्षा किलवरची दुर्री काढा, दोन रंगांत बारा-बारा राहतील. दुसरी दुर्रीही चष्म्याच्या घरात गेली. प्रत्येकी दहा पानं, डाव झकास रंगला.

साडेदहाला काकूंनी बदाम सातची टूम काढली. पानं तीच 50. चौकट सत्तीपासून खाली उतरत तिर्रीपर्यंत आली आणि थांबली. माझ्या हातात एकच पान, चौकटचा एक्का. मी पास, पुन्हा पास.

"दुर्री कोण दाबून बसलंय?" काका ओरडले.

"ती माझ्या चष्म्याच्या घरात आहे," आत्या शांतपणे म्हणाली.

मेंढीकोटात दुर्री निरुपद्रवी, पण बदाम सातमध्ये तो जिन्याचा मधला दगड. तो काढला की एक्का कायमचा टांगलेला. इथे टोकाचं पान काढायचं, राजा नाहीतर एक्का, कारण त्यापुढे काही लागायचंच नसतं. बाबांनी तत्परतेने चौकट-किलवरचे राजे काढले, पानं पिसली आणि वाटायला घेतली.

प्रत्येकाकडे नऊ पानं गेली आणि बाबांच्या हातात तीन उरली. सगळ्यांनी आत्याच्या चष्म्याच्या घराकडे बघितलं.